ऑफर कुणाला, कशावर आणि कधीपर्यंत? सणाच्या जाहिरातीतल्या बारीक अक्षरांविषयी

मैत्रिणींनो, दसरा जवळ आला की आपल्या गटांची फराळाची लगबग सुरू होते. भाजणी दळून येते, डब्यांची आणि पिशव्यांची ऑर्डर जाते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "एखादी ऑफर ठेवूया की." ऑफर ठरते, पत्रक छापायला जातं. त्यात वरचा मजकूर सगळ्या मिळून ठरवतात, पण खालची एक ओळ बहुतेक वेळा छापखानावालाच आपल्या मनाने टाकतो: "ऑफर दिवाळीपर्यंत. अटी लागू." सगळी भांडणं नंतर याच ओळीवरून होतात. या लेखात फक्त तेवढीच ओळ घेऊ या.

समजा, कुरुंदवाडातल्या एका गटाने असं पत्रक काढलं:

"दिवाळी धमाका! फराळावर शंकरपाळी मोफत! तुपातले लाडू व करंज्या सोडून. ऑफर दिवाळीपर्यंत. साठा असेपर्यंत. अटी लागू.*"

वाचायला बरं वाटतं. आता गिऱ्हाईक म्हणून वाचून बघा. फराळ किती घ्यायचा? शंकरपाळी किती मिळणार? डालड्यातल्या करंज्या घेतल्या तर? दिवाळी म्हणजे कुठला दिवस? साठा संपला हे सांगणार कोण? आणि ती शेवटची चांदणी कशाकडे बोट दाखवते? खाली तर काहीच लिहिलेलं नाही. एवढ्या प्रश्नांची उत्तरं काउंटरवर बसलेल्या ताईने ऐनवेळी द्यायची. सकाळी बसणारी एक सांगणार, संध्याकाळी बसणारी दुसरं. गिऱ्हाइकाला वाटतं, "यांच्यात कायतरी गडबड हाय." गडबड नसते. ठरवलेलंच नसतं, म्हणून लिहिलेलं नसतं.

आधी तारखेचं बघू, कारण सगळ्यात जास्त वाद तिथंच होतात.

"दिवाळीपर्यंत" म्हणजे नक्की कधीपर्यंत? कुणाची दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपते, कुणाची भाऊबीजेला, आणि खेड्यात तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवाळीच चालू असते. माहेरवाशीण भाऊबीजेला येते आणि जाताना फराळ घेऊन जाते, म्हणजे तिच्या दृष्टीने ऑफर भाऊबीजेपर्यंत हवी. गटाच्या दृष्टीने मात्र लक्ष्मीपूजनानंतर तळण बंद झालेलं असतं.

बरं, "लक्ष्मीपूजनापर्यंत" असं लिहिलं तरी सुटका नाही. २०२५ सालचीच गोष्ट घ्या. आपल्याकडच्या पंचांगांत आणि कॅलेंडरांत लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ऑक्टोबरला होतं, आणि राज्य सरकारची सुट्टीही त्याच दिवशी होती. पण केंद्र सरकारच्या सुट्टीच्या यादीत दिवाळी सोमवारी २० ऑक्टोबरला, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच भागांत पूजनही त्याच दिवशी झालं. कारण अमावस्या २० तारखेला दुपारी लागली आणि २१ ला संध्याकाळी संपली. आदल्या वर्षीही तसंच झालं होतं: कुठे ३१ ऑक्टोबर, तर आपल्याकडे शुक्रवार १ नोव्हेंबर. आता ज्या पत्रकावर "अमावस्येपर्यंत" छापलंय, त्या पत्रकाने गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगितलं? ज्यांच्या भिंतीवर वेगळं कॅलेंडर आहे, ज्यांची मुलं परराज्यात नोकरीला आहेत, ती मंडळी वेगळा दिवस धरून बसणार.

तेव्हा तिथीवर किंवा सणाच्या नावावर मुदत ठेवू नका. सणाचं नाव वर मोठ्या अक्षरात खुशाल लिहा, मुदतीसाठी मात्र तारीख लिहा. तारखेबरोबर वार लिहा. तारीख आणि वार दोन्ही असले की छापखान्यातली चूक लगेच सापडते. "बुधवार, १६ ऑक्टोबर २०२५" असं छापून आलं तर कुणीतरी कॅलेंडर बघून म्हणेल की १६ ला गुरुवार आहे. नुसतं "१६ ऑक्टोबर" असेल तर १५ चे १६ झाले हे कुणालाच कळणार नाही.

"पर्यंत" या शब्दातही एक खोच आहे. "१५ तारखेपर्यंत" म्हटल्यावर १५ तारीख धरायची की नाही? आपल्याला वाटतं, धरायचीच. पण १५ तारखेला रात्री साडेनऊला कुणी दार वाजवलं तर? म्हणून दिवस संपायची वेळ पण लिहावी: "बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत." "१५ च्या आत" असं तर लिहूच नये. ते काहीजणींना १४ वाटतं, काहीजणींना १५.

आणि वर्ष विसरू नका. हे लहान वाटतं, पण आता पत्रक कागदावर राहत नाही, मोबाईलवर फिरतं. गेल्या वर्षीचा फोटो या वर्षी कुणाच्या तरी ग्रुपवर पुन्हा येतो. त्यावर वर्ष नसेल तर गिऱ्हाईक तो फोटो दाखवून जुन्या दराने फराळ मागतं, आणि त्याचं काही चुकतही नाही.

अजून एक गल्लत. फराळाच्या ऑफरला एक शेवटची तारीख नसते, दोन असतात. एक ऑर्डर द्यायची, दुसरी माल न्यायची. "ऑफर १५ ऑक्टोबरपर्यंत" एवढंच लिहिलं तर काहीजण १५ ला फराळ मागायला येतील आणि काहीजण १५ ला ऑर्डर द्यायला. दोन्ही तारखा वेगवेगळ्या ओळींत लिहा. आणि पाकिटावर जी "या तारखेपूर्वी वापरावे" अशी तारीख असते, ती तिसरीच. तिचा ऑफरशी काही संबंध नाही. ती पाकिटावरच राहू दे, पत्रकावर नको. नाहीतर पाकीट बघून कुणी विचारायचं, "अवो ताई, यावर तर नोव्हेंबर लिवलंय, मग ऑफर कशी संपली?"

आता वगळलेल्या वस्तूंकडे येऊ. म्हणजे ज्यांच्यावर ऑफर नाही त्या.

आपल्या उदाहरणात "तुपातले लाडू व करंज्या सोडून" असं आहे. गटाच्या मनात काय होतं? तुपातले बेसनाचे लाडू महाग पडतात, त्यावर काही देणं परवडत नाही. आणि करंज्या वेळखाऊ, म्हणून त्याही वगळल्या, मग त्या तुपातल्या असोत की तेलातल्या. पण वाचणारी म्हणते, "तुपातले लाडू, तुपातल्या करंज्या सोडून. माझ्या तर तेलातल्या हायत." तीही बरोबर आहे. "तुपातले" हा शब्द फक्त लाडवांना लागतो की दोघांना, हे वाक्यावरून ठरत नाही. यावर उपाय अगदी साधा. प्रत्येक पदार्थ स्वतंत्र लिहायचा आणि ज्याला विशेषण लागतं त्याच्याच शेजारी ते ठेवायचं: "करंजी (सर्व प्रकारची) आणि तुपातले बेसन लाडू यांवर ही ऑफर नाही." करंजी आधी आणली की गुंता आपोआप सुटतो.

त्याहून चांगली रीत म्हणजे ऑफर कशावर आहे ते लिहायचं. "सर्व फराळावर, अमुक अमुक सोडून" असं म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यात "सर्व" हा शब्द बसतो आणि पुढचं कानावरून जातं. "चकली, चिवडा आणि शेव यांवर" असं म्हटलं की "सर्व" म्हणायची वेळच येत नाही. वगळलेल्या वस्तू जास्त असतील तर यादी मिळणाऱ्या वस्तूंची करावी. दहापैकी एखादीच वस्तू वगळायची असेल तरच "सोडून" वापरावं.

एवढं करूनही लोक हमखास विचारतात अशी एखादी वस्तू असेल तर तिचं नाव घेऊन "नाही" म्हणून टाकावं. कुरुंदवाडात तो मान बासुंदीचा! फराळ म्हटलं की पाहुण्यांसाठी बासुंदी विचारली जातेच, आणि बासुंदी चार दिवस आधी करून ठेवता येत नाही. म्हणून "बासुंदीवर ही ऑफर नाही" ही ओळ इथे लिहावीच लागते. दुसऱ्या गावात लागणार नाही.

मोजमापाचे शब्दही असेच नडतात. "चकली व चिवडा २ किलो घेतल्यास" म्हणजे दोन्ही मिळून २ किलो की प्रत्येकी २ किलो? "मिळून" किंवा "प्रत्येकी" यातला एक शब्द टाकल्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही. "५०० रुपयांवरील खरेदीवर" लिहिलं तर बरोबर ५०० ची खरेदी करणारीला मिळणार की नाही? "५०० रुपये किंवा त्याहून जास्त" असं लिहा. चार किलो घेतले तर दोनदा मोफत मिळणार का? "एका ऑर्डरला एकदाच" किंवा "दर २ किलोमागे" यातलं एक ठरवून लिहा. कुठलं ठरवायचं तो हिशोब तुमचा. दोन्हीत चूक काही नाही, फक्त लिहिलेलं असावं.

सभासदांना मिळणारी वेगळी सवलत आणि सणाची ऑफर एकत्र चालणार का, हाही नेहमीचा प्रश्न. इथे एक ओळ पुरते: "सभासद सवलत आणि ही ऑफर एकत्र मिळणार नाही, यातली एक निवडावी." आणि उधारी! ऑफर फक्त रोखीवर असेल तर ते पत्रकावर लिहायला बायकांना संकोच वाटतो. मला विचाराल तर पत्रकावर लिहिणंच बरं. शेजारणीला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा कागदाने नाही म्हटलेलं कुणाला लागत नाही.

आता "साठा असेपर्यंत". हे दोन शब्दांचं औषध सगळे लावतात, पण त्याने दुखणं बरं होत नाही. गिऱ्हाईक १० तारखेला आलं आणि "संपलं" म्हटलं, तर त्याला कसं कळणार की खरंच संपलं की नाही? म्हणून आकडा लिहावा. आकडा कसा काढायचा ते बघू. समजा, गटातल्या बायका मिळून मोफत वाटण्यासाठी जास्तीत जास्त १५ किलो शंकरपाळी करू शकतात. एका ऑर्डरला पाव किलो द्यायची. म्हणजे एका किलोत चार ऑर्डर, १५ किलोत ६० ऑर्डर. मग पत्रकावर "पहिल्या ६० ऑर्डरना" असं लिहायचं. ऑर्डरच्या वहीत मोफतच्या रकान्यात १, २, ३ असे अनुक्रमांक टाकत जायचे. साठावा आकडा पडला की त्याच संध्याकाळी बोर्डावर पट्टी चिकटवायची: "मोफत शंकरपाळीच्या ६० ऑर्डर पूर्ण झाल्या. फराळाची ऑर्डर चालू आहे." आणि ज्या मोबाईल ग्रुपवर पत्रक टाकलं होतं, तिथेही हाच मजकूर. कुणी शंका घेतली तर वही दाखवता येते.

ही पट्टी लावायला उशीर झाला तर काय होतं? समजा, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही आणि ८५ ऑर्डर झाल्या. वरच्या २५ जणींना पत्रकाप्रमाणे नाही म्हणता येतं, पण बोर्ड तर उघडाच होता. त्यांना देणं हेच बरं, आणि त्यासाठी सव्वासहा किलो शंकरपाळी जास्त तळावी लागते. ती कुणी तळायची आणि पीठ-साखरेचा खर्च कुठे टाकायचा, हे गटाच्या बैठकीत आधीच बोलून ठेवलेलं बरं.

"मोफत" या शब्दाबद्दल थोडं. कायदा इथे कडक आहे, आणि तो आपल्यालाही लागू आहे. गट लहान आहे, दुकान भाड्याचं आहे म्हणून सुटका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोफतच्या जाहिरातींवर वेगळा भाग आहे. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: मोफत वस्तूसाठी दुसऱ्या वस्तूचा भाव वाढवला असेल किंवा तिचा दर्जा कमी केला असेल, तर तिला मोफत म्हणता येत नाही. आपल्या हिशोबात बघा. चकली, चिवडा, शेव ४०० रुपये किलो असेल तर २ किलोचे ८०० झाले. शंकरपाळी ३२० रुपये किलो, म्हणजे पाव किलोचे ८०. आता गटाने ऑफरच्या आठवड्यात दर ४४० केला तर २ किलोचे ८८०. गिऱ्हाइकाने शंकरपाळीचे ८० रुपये पुरते मोजले, आणि वर आपण तिला मोफत म्हणतोय. तेल-बेसन महागलं म्हणून भाव वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, पण मग मोफत म्हणू नका. "२ किलो फराळ आणि पाव किलो शंकरपाळी, एकूण ८८० रुपये" असं म्हणा. तोही चांगला सौदा आहे आणि खरा आहे.

त्याच सूचनांमध्ये बारीक अक्षरांबद्दलही आहे. खालची अट वरच्या दाव्याच्याच भाषेत असावी, तिचा टाइप दाव्यासारखाच असावा, आणि ती सहज दिसेल अशा जागी असावी. अटीने वरचा दावा स्पष्ट करावा, पण वर खोटं बोलून खाली ते दुरुस्त करणं चालणार नाही. आणि महत्त्वाची गोष्ट अटीत लपवता येणार नाही. म्हणजे वर "सर्व फराळावर" आणि खाली बारीक अक्षरात "फक्त चिवड्यावर" हे चालत नाही, अक्षर कितीही स्वच्छ छापलेलं असलं तरी. मराठी पत्रकाच्या तळाशी इंग्रजीतली तयार ओळ चिकटवायची छापखान्यांना सवय असते. ती काढून टाकायला सांगा.

बारीक अक्षरांनी दुकानदार वाचत नाही याचं एक प्रकरण आहे. एका मोठ्या बुटांच्या कंपनीने ४० टक्के सूट जाहीर केली, आणि बिलात सूट दिलेल्या किमतीवर वेगळा कर लावला. कर वेगळा लागेल हे जाहिरातीत म्हटलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. २०१७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ते मानलं नाही. छापील कमाल किमतीत सगळे कर आलेलेच असतात, मग सूट देऊन वर पुन्हा कर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं आयोगाने ठरवलं. रक्कम किरकोळ होती, पण ग्राहक थेट दिल्लीपर्यंत लढला. आपल्या पाकिटावर छापलेल्या किमतीतही सगळं आलेलं असतं, हे लक्षात असू द्या. "पॅकिंगचे १० रुपये वेगळे" असली ओळ पत्रकात कुठेच नको.

आणि एक, लकी ड्रॉ. "प्रत्येक खरेदीवर कूपन, भाऊबीजेला सोडत, पहिलं बक्षीस पैठणी" अशा कल्पना बैठकीत हमखास निघतात. माल खपवण्यासाठी सोडत ठेवणं हे या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीतच आहे. त्याच्या अटी कशा लिहायच्या हे सांगत बसत नाही, कारण ते करूच नये.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती इथे बोललीच पाहिजे. दिवाळीला पाण्याचा प्रश्न नसतो, पण राखीपौर्णिमेच्या, गौरी-गणपतीच्या ऑफर पावसाळ्यात येतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ तालुक्याचं काय झालं ते आपण भोगलंय. रस्ता बंद झाला की तेरवाडच्या, वाडीच्या गिऱ्हाइकाला तारखेला येता येत नाही, आणि आपल्यालाही माल पोचवता येत नाही. आगाऊ पैसे मात्र घेतलेले असतात. म्हणून पावसाळ्यातल्या पत्रकावर एक ओळ असू द्या: "पुरामुळे रस्ता बंद झाल्यास, रस्ता सुरू झाल्यापासून तीन दिवस माल मिळेल, नको असल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत." तीन दिवस की पाच, ते पदार्थ किती टिकतो त्यावर ठरवा. "अपरिहार्य कारणास्तव बदल करण्याचा हक्क गटाकडे राखीव" असली ओळ घालून भागत नाही. त्याने गिऱ्हाइकाला पैसे परत मिळणार की नाही हे कळतच नाही, आणि त्याला तेवढंच विचारायचं असतं.

घरपोच सेवा असेल तर गावांची नावं लिहा. "परिसरात घरपोच" म्हटलं की नृसिंहवाडीवाले परिसरातच आहेत आणि जयसिंगपूरवालेही. "घरपोच फक्त कुरुंदवाड शहरात" म्हटलं की प्रश्न मिटला.

आता सगळं एकत्र करून तेच पत्रक पुन्हा लिहू. २०२५ च्याच तारखा घेते, म्हणजे वार ताडून बघता येतील.

"दिवाळी २०२५: २ किलो फराळावर पाव किलो शंकरपाळी मोफत

चकली, चिवडा आणि शेव यांपैकी एक किंवा सगळे मिळून २ किलो किंवा त्याहून जास्त घ्या, पाव किलो शंकरपाळी मोफत मिळवा. दर नेहमीचाच, किलोला ४०० रुपये.

मोफत शंकरपाळी पहिल्या ६० ऑर्डरना. एका ऑर्डरला एकदाच.

करंजी, लाडू आणि बासुंदी आमच्याकडे मिळतील, पण त्यांचं वजन या २ किलोत धरलं जाणार नाही.

ऑर्डर द्यायची शेवटची वेळ: बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ६.
फराळ न्यायची शेवटची वेळ: रविवार, १९ ऑक्टोबर २०२५, रात्री ८.

ऑफर रोख किंवा मोबाईलवरून पैसे देणाऱ्यांना, उधारीवर नाही. सभासद सवलतीसोबत मिळणार नाही. घरपोच फक्त कुरुंदवाड शहरात."

पहिल्यापेक्षा हे लांब आहे, हे खरं. पण यात चांदणी नाही, "अटी लागू" नाही, कारण सगळ्या अटी वरच आहेत. लाडूच्या ओळीकडे नीट बघा. तुपातले आणि बिनतुपातले हा भेदच काढून टाकला, कारण काउंटरवर तो समजावत बसणं पाव किलो शंकरपाळीपेक्षा महाग पडतं. अट समजावून सांगायला दोन मिनिटं लागत असतील तर ती अट बदलायची, शब्द नव्हे.

जागा कमीच असेल, मोबाईलवर एका ओळीचा निरोप टाकायचा असेल, तर काय ठेवायचं? किती घ्यायचं, किती मिळणार, कशावर, आणि शेवटची तारीख. "चकली/चिवडा/शेव मिळून २ किलोवर पाव किलो शंकरपाळी मोफत, पहिल्या ६० ऑर्डर, ऑर्डर १५ ऑक्टोबर २०२५ संध्याकाळी ६ पर्यंत." उधारी, घरपोच हे पुढच्या निरोपात चालेल. रिक्षावर भोंगा लावून पुकारणार असाल तर तारीख आणि "पहिल्या ६० ऑर्डर" हे तोंडी म्हटलंच पाहिजे. भोंगा ऐकणारी बाई काही पत्रक वाचायला येत नाही.

छापायच्या आधी एक परीक्षा घ्या. ऑफर ठरवताना बैठकीला नव्हती अशा एखादीला मजकूर वाचायला द्या. सासूबाई चालतील, शाळेतली मुलगी चालेल. तिला विचारा: "मी दीड किलो चिवडा आणि अर्धा किलो लाडू घेतले तर मला काय मिळेल?" आणि "मी सोळा तारखेला आले तर?" तिने न अडखळता "काही नाही" आणि "ऑफर संपली" असं सांगितलं तर मजकूर छापखान्यात द्या. ती थांबली किंवा तुमच्याकडे बघायला लागली, तर जिथे थांबली तो शब्द बदला. स्वतः समजावू नका. समजावायला गिऱ्हाइकाशेजारी तुम्ही उभ्या नसाल.

मुदत वाढवायची झाली तर जुन्या बोर्डावर तारीख खोडून नवी लिहू नका. खोडलेली तारीख बघून लोकांना वाटतं की ही मुदत वाढतच राहणार, आणि पुढच्या वर्षी वेळेत ऑर्डर कुणी देत नाही. नवी पट्टी लावा, नवीन तारीख-वार लिहा. ज्यांनी आधीच्या मुदतीत ऑर्डर दिलीय त्यांच्या साठच्या आकड्याला धक्का लागणार नाही याची काळजी घ्या. आणि ऑफर संपली की त्या रात्रीच बोर्ड उतरवा. पत्रकाची एक प्रत ऑर्डरच्या वहीत चिकटवून ठेवा. कुणी नोव्हेंबरात पाकीट घेऊन आलं आणि "तुम्ही असं म्हणाला होता" म्हटलं, तर नेमकं काय म्हटलं होतं ते दोघींना एकाच कागदावर वाचता येईल.